ठेकेदाराचे शेवटचे पैसे कधी द्यायचे?

(दौलताबाद येथे बचत गटांतील महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मागच्या बैठकीत आपण ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर बाईचं नाव कसं लावायचं ते बोललो. तुमच्यापैकी काहींची नावं लागली, काहींचं बांधकामही सुरू झालं. म्हणून आज पुढचं बोलू. घर बांधणाऱ्या ठेकेदाराशी करार करताना थोडे पैसे मागे का ठेवायचे, किती ठेवायचे आणि कधीपर्यंत, एवढाच आजचा विषय आहे.

सुरुवात एका मावशींपासून करते. त्यांनी आयुष्यभराच्या बचतीतून दोन खोल्या बांधल्या. मार्चमध्ये वास्तुशांत झाली. त्या दिवशी ठेकेदार जेवायला आला आणि जाताना म्हणाला, "मावशी, तेवढा हिशेब मिटवून टाका, चांगला दिवस आहे." चांगल्या दिवशी नाही कसं म्हणायचं? मावशींनी शेवटचे साठ हजार मोजून दिले. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून पाणी आत आलं. पहिल्या फोनला ठेकेदार "येतो" म्हणाला. दुसऱ्याला "माणसं गावाला गेलीत" म्हणाला. पुढे फोन उचलणंच बंद झालं. मावशी मला म्हणाल्या, "समदे पैसे देऊन बसले, आता कोणत्या तोंडानं बोलवू?"

हा ठेकेदार काही लबाड नव्हता. पण त्याच्यापुढे दोन कामं होती. एका ठिकाणी पैसे मिळणार होते, दुसऱ्या ठिकाणी फक्त मेहनत होती. तो पहिल्या ठिकाणी गेला. मावशींच्या हातात त्याला परत आणायला काहीच उरलं नव्हतं.

सरकार काय करतं ते पाहा

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता तुम्ही पाहिला असेल. त्याच्या कडेला फलक असतो, त्यावर ठेकेदाराचं नाव आणि कामाची किंमत असते. त्या योजनेत रस्ता पूर्ण झाल्यावरही पुढची पाच वर्षं त्याची देखभाल त्याच ठेकेदाराकडे असते. सरकारी भाषेत याला दोष दायित्व कालावधी म्हणतात. सरकारी कामांत ठेकेदाराची काही रक्कमही अनामत म्हणून सरकारकडे राहते. बहुतेक वेळा ती बिलातून कापली जाते आणि मुदत संपल्यावर परत मिळते. म्हणजे ज्यांच्याकडे इंजिनिअर आहेत, वकील आहेत, तेसुद्धा नुसत्या शब्दावर विसंबत नाहीत. आपण मात्र दहा लाखांचं काम वहीच्या पानावर आकडा लिहून देतो. कागद बनवणारं कागजीपुरा इथून जवळच आहे आणि आपल्याच घराचा कागद आपल्याकडे नसतो!

तेव्हा दोन शब्द समजून घेऊ. झालेल्या कामाच्या प्रत्येक बिलातून जो थोडा भाग आपण मागे ठेवतो, ती राखीव रक्कम. काम संपल्यावर जितके महिने ठेकेदाराने आपल्या कामातला दोष स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा, तो दोष दायित्व कालावधी. हे दोन्ही जोडीने लागतात. नुसती मुदत लिहिली आणि पैसे सगळे देऊन टाकले, तर मुदत कागदावर राहते. नुसते पैसे अडवले आणि मुदत लिहिलीच नाही, तर ते कधी द्यायचे यावरून भांडण होतं.

हिशेब करून पाहू

सोपा आकडा घेऊ. सहाशे चौरस फुटांचं घर आहे, सामानासकट ठेका आहे आणि एकूण रक्कम 10 लाख ठरली आहे. टप्पे असे पाडले: पाया आणि प्लिंथ झाल्यावर 2 लाख, भिंती झाल्यावर दीड लाख, स्लॅब पडल्यावर अडीच लाख, आतून-बाहेरून प्लॅस्टर झाल्यावर दीड लाख, फरशी, दारं-खिडक्या, नळ आणि वीज झाल्यावर दीड लाख, रंग देऊन ताबा मिळाल्यावर 1 लाख.

प्रत्येक टप्प्याला पाच टक्के राखायचे. प्लिंथ झाल्यावर दोन लाखांतले 10 हजार मागे ठेवायचे आणि 1 लाख 90 हजार द्यायचे. स्लॅबच्या अडीच लाखांतले साडेबारा हजार राखायचे. असं करत काम संपेपर्यंत बरोबर 50 हजार आपल्याकडे जमतात. ताबा घेताना त्यातले निम्मे, म्हणजे 25 हजार, ठेकेदाराला द्यायचे. उरलेले 25 हजार मुदत संपेपर्यंत आपल्याकडे राहतात. खाजगी कामांत पाच ते दहा टक्के राखण्याची पद्धत आहे. काम लहान असेल तर दहा टक्क्यांसाठी आग्रह धरा, कारण दोन लाखांच्या कामावर पाच टक्के म्हणजे फक्त 10 हजार होतात, आणि तेवढ्यासाठी कोणी परत येत नाही.

इथे एक गल्लत होते. "शेवटचा हप्ता बाकी आहे ना, मग राखीव रक्कम कशाला?" असं बायका म्हणतात. शेवटचा हप्ता हा अजून न झालेल्या कामाचा असतो. रंग झाला की तो द्यावाच लागतो. राखीव रक्कम ही झालेल्या कामातली असते. दोन्ही वेगळ्या लिहा.

दुसरा धोका याहून मोठा आहे. ठेकेदार म्हणतो, "पाच टक्के राखा, माझी हरकत नाही, पण सामान भरायला आधी चार लाख द्या." प्लिंथचं काम दोन लाखांचं आणि तुम्ही दिले चार लाख. मग पाच टक्के राखून काय उपयोग? तुमचे दोन लाख त्याच्याकडे अडकले! म्हणून प्रत्येक टप्प्यावर स्वतःला विचारायचं: हा माणूस आज काम सोडून गेला, तर झालेल्या कामापेक्षा जास्त पैसे त्याच्याकडे गेलेले असतील का? उत्तर 'हो' असेल, तर राखीव रकमेचं कलम नावापुरतं आहे. सामानासाठी उचल द्यावी लागलीच, तर ती लहान द्या आणि पहिल्याच बिलात वळती करा.

मुदत पावसाळ्याने मोजायची

मुदत किती ठेवायची? साधारणपणे बारा महिने म्हणतात. पण आपल्याकडे घराची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर होते. गच्ची, खिडकीच्या कडा आणि बाहेरच्या भिंती यांतला दोष उन्हाळ्यात दिसतच नाही. ताबा एप्रिलमध्ये घेतला तर बारा महिन्यांत पूर्ण पावसाळा येतो. ताबा जुलैमध्ये घेतला तर दोन अर्धे पावसाळे येतात, एक पूर्ण येत नाही. म्हणून असं लिहा: 'ताब्याच्या तारखेपासून बारा महिने, किंवा ताब्यानंतरचा पहिला पूर्ण पावसाळा संपून 31 ऑक्टोबरपर्यंत, यांपैकी जे नंतर येईल ते.' ठेकेदार सहा महिने म्हणाला आणि ताबा नोव्हेंबरचा असला, तर ती मुदत पाऊस पडायच्या आत संपते, हे लक्षात घ्या.

मुदत सुरू कधी झाली, हेही कागदावर हवं. नाहीतर ठेकेदार म्हणतो काम जानेवारीत संपलं, आपण म्हणतो एप्रिलमध्ये. ताब्याच्या दिवशी दोघांनी मिळून घर फिरायचं, राहिलेली कामं एका कागदावर लिहायची, त्याखाली तारीख आणि दोघांच्या सह्या घ्यायच्या. त्याच कागदावर मुदत कोणत्या दिवशी संपते तेही लिहून टाका.

सही करण्याआधी गच्चीची परीक्षा करा. पन्हाळीचं तोंड बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी 24 तास उभं ठेवायचं आणि खालून छताचे कोपरे पाहायचे. सहाशे फुटांच्या गच्चीला सुमारे 2,800 लिटर पाणी लागतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये टँकरने पाणी घेतो, तेव्हा ते जड वाटेल. तर निदान कठड्याच्या कडेने मातीची आळी करून तेवढ्यातच पाणी उभं करा, कारण गळती बहुतेक वेळा सांध्यातून होते.

दोष कोणाचा?

घरात दिसणारी प्रत्येक चीर ठेकेदाराच्या माथी मारता येत नाही. प्लॅस्टरवर केसासारख्या बारीक रेषा येतात, त्या बहुधा प्लॅस्टर सुकताना पडतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, रुपयाच्या नाण्याची कड आत जाईल एवढी चीर वेगळी. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करा आणि तारीख लिहा. महिन्याने चीर खुणेच्या पुढे गेली असेल, तर भिंत अजून हलते आहे. तेव्हा गवंड्याला नव्हे, इंजिनिअरला दाखवा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. पाया त्या मातीतून खाली कठीण मुरमापर्यंत गेला नसेल, तर घर दर वर्षी हलतं. डोंगराच्या पायथ्याला मुरूम लवकर लागतो, शेतातल्या प्लॉटवर खोल जावं लागतं. पण "एवढं खोल नको, खर्च वाढतो" असं आपणच म्हणालो असू, तर दोष आपला.

तसंच सामानाचं. ठेका फक्त मजुरीचा असेल आणि सिमेंट, वाळू, नळ आपण आणले असतील, तर सामानाच्या दोषाला ठेकेदार जबाबदार नाही. त्याच्या हातकामाला मात्र तो जबाबदार आहे.

इथे पाण्याचं एक कलम विसरू नका. स्लॅबला पाणी मारणं कमी पडलं की काँक्रीट कमजोर राहतं. काँक्रीटसाठी जे भारतीय मानक आहे, त्यात कोरड्या, उष्ण हवेत साध्या सिमेंटसाठी निदान 10 दिवस आणि राखमिश्रित सिमेंटसाठी 14 दिवस ओलावा ठेवायला सांगितलं आहे. बाजारात घरांसाठी बहुतेक हे दुसरंच सिमेंट मिळतं. करारात नुसतं 'पाणी मालकाचे' लिहिलेलं असतं. मग स्लॅब गळला की ठेकेदार म्हणतो, "ताई, तुम्ही पाणीच मारलं नाही." म्हणून पाणी कोण आणणार, मारणार कोण आणि किती दिवस, हे तिन्ही लिहा.

पाऊस आला तेव्हा

आता शिवणकाम करणाऱ्या एका बाईचं उदाहरण सांगते. तिचा करार वर सांगितला तसाच होता. ताबा 10 एप्रिलला घेतला, 25 हजार दिले, 25 हजार राखले. जूनमध्ये छताचा एक कोपरा ओला झाला. न्हाणीघरातलं पाणी जाळीकडे न जाता दाराकडे येत होतं. भिंतीवर काही बारीक रेषाही होत्या.

तिने आधी दुसरा गवंडी बोलावला नाही, हे महत्त्वाचं. आपण परस्पर दुरुस्ती केली की ठेकेदार म्हणतो, मला दाखवलंच नाही, दोष होता कशावरून? तिने फोटो काढले, मोबाइलवर पाठवले आणि स्पीड पोस्टाने पत्र धाडलं. पत्रात दोष कोणता, कोणत्या खोलीत, कधी दिसला आणि करारातल्या पंधरा दिवसांत दुरुस्त करा, एवढंच होतं. चिडचिड नाही, आरोप नाहीत.

ठेकेदार आला. न्हाणीघराची फरशी उकरून त्याने उतार नीट करून दिला. भिंतीवरच्या रेषा दोष नाहीत, असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. गच्चीचं काम पावसात टिकत नाही, उघडीप झाली की करू, हेही त्याचं म्हणणं रास्त होतं. तिने ते त्याच पत्राच्या मागे लिहून घेतलं: 15 ऑक्टोबरपर्यंत करणार. तोवर ताडपत्रीवर भागवलं.

ऑक्टोबर संपत आला तरी तो आला नाही. तिने दुसरं पत्र पाठवलं: सात दिवसांत न आल्यास दुसऱ्याकडून करून घेऊन खर्च राखीव रकमेतून कापीन. सात दिवस गेले. तिने दोन गवंड्यांकडून खर्चाचा अंदाज लेखी घेतला. गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तिथे सिमेंटचा गोलसर कोपरा करायचा राहिला होता, पाणी त्याच फटीतून जात होतं. दुरुस्तीला 14,500 रुपये लागले. पावती ठेवली. 10 एप्रिलला मुदत संपली, तेव्हा 25 हजारांतून 14,500 वजा करून उरलेले 10,500 तिने ठेकेदाराला दिले आणि पावतीवर सही घेतली. तो कुरकुरला, पण प्रत्येक पायरीचा कागद तिच्याकडे होता. भांडायला जागाच नव्हती.

सही कोणाची?

आपल्या दृष्टीने कळीचा मुद्दा हा आहे. घर बाईच्या नावावर असतं आणि ठेकेदाराशी करार नवरा किंवा दीर करतो. मग दोष दिसल्यावर बाई बोलायला गेली की उत्तर मिळतं, "साहेबांना बोलवा, माझं त्यांच्याशी बोलणं झालंय." आणि साहेब बाहेर चहाच्या टपरीवर "जाऊ दे, आपला माणूस आहे" म्हणून राखीव पैसे देऊन मोकळे होतात. करारात बाईची सही असेल आणि 'राखीव रक्कम तिच्या लेखी संमतीशिवाय द्यायची नाही' असं कलम असेल, तर हे घडत नाही. पावसात भांडी कोणाला लावावी लागतात? मग पैसेही तिच्याच हातात हवेत.

ही रक्कम घरखर्चाच्या पैशांत मिसळू नका. बाईच्या नावाने पोस्टात किंवा बँकेत वेगळी ठेवा. घरात राहिली तर ती कोणाच्या तरी ॲडमिशनला जाते आणि मुदत संपते तेव्हा द्यायला हातात काही नसतं.

या पैशांची मर्यादा

पंचवीस हजारांत गळती, उतार, नळ, दाराची चौकट एवढं भागतं. स्लॅबच वाकला तर ही रक्कम काहीच नाही. त्याला उपाय आधीच करायचा. सळई बांधून झाल्यावर आणि काँक्रीट ओतण्याआधी इंजिनिअरला दाखवायचं. राखीव रक्कम ही ठेकेदाराला परत आणण्यासाठी आहे. खराब घराची भरपाई तिच्यातून होत नाही.

मुदत संपली म्हणजे ठेकेदार सगळ्यातून सुटला, असंही नाही. 1993 साली ग्राहक संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन घरबांधणी 'सेवे'त आली आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात तेच सांगितलं. आज 2019 चा कायदा लागू आहे. निकृष्ट कामाची तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. 'रेरा'मध्ये ताब्यापासून पाच वर्षांची जबाबदारी आहे असं कोणी सांगेल. ते बिल्डरकडून विकत घेतलेल्या घरांसाठी आहे. आपल्या प्लॉटवर आपण लावलेल्या ठेकेदाराला ते लागू नाही. म्हणूनच आपला करार नीट हवा.

भाषण संपल्यावर एका ताईंनी विचारलं, "पैसे आपल्याच हातात आहेत, तर दिलेच नाहीत तर?" हे मुद्दाम छापायला सांगितलं आहे. ते पैसे ठेकेदाराचे आहेत. काम झालेलं आहे, आपण फक्त थांबलो आहोत. दोष नसताना ते अडवले, तर तो आपल्यावर दावा करू शकतो, आणि तो बरोबर असेल. शिवाय ठेकेदार अडकलेले पैसे कुठून भरून काढतो? मुकादमाकडून, आणि मुकादम विटा-रेती वाहणाऱ्या बिगारी बाईच्या मजुरीतून. ती बाई आपल्याच गटात बसलेली असू शकते. म्हणून करारात दोन ओळी आणखी घाला. 'राखीव रकमेच्या कारणाने मजुरांची मजुरी अडवायची नाही.' आणि 'मुदत संपल्यावर पंधरा दिवसांत उरलेली रक्कम मालकीण परत देईल.' ती तारीख कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा. त्या दिवशी ठेकेदाराने मागायच्या आधी आपण फोन करायचा.